तपासणी दोघांचीही

लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की सासूबाई सुनेला दवाखान्यात नेतात. मुलगा मात्र घरीच. हे थांबायला हवं, कारण सगळ्यात सोपी तपासणी त्याचीच आहे.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी जावं. तिची पस्तिशी उलटली असेल तर 6 महिन्यांनी, पाळी फार अनियमित असेल तर लगेच.

वीर्यतपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे. नमुना घरून न्यायचा तर शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या मोठ्या तापानेही आकडा घसरतो. एका खराब रिपोर्टवर खचू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासा.

तिच्या बाजूला ‘चौदावा दिवस’ हा समज घोळ करतो. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. पाळी 32 दिवसांनी येत असेल, तर ते अठराव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे तेराव्यापासून अठराव्यापर्यंत दिवसाआड संबंध हवेत. लघवीची ओव्ह्युलेशन पट्टी पॉझिटिव्ह आली, की साधारण दीड दिवसात बीज सुटतं; पीसीओएसमध्ये मात्र ही पट्टी फसवू शकते.