बोलण्याचा हालचालपट

‘आंबा’ या शब्दात ध्वनी किती, असे विचारले तर बहुतेक जण आ, म्, ब, आ असे चार मोजतील. प्रत्येक ध्वनी स्वतंत्र, एक संपला की दुसरा सुरू, अशी ही कल्पना आहे. पण हा शब्द आरशात पाहत म्हटला, तर ओठ एकदाच मिटतात आणि एकदाच उघडतात. ‘म्’साठी मिटले, उघडले आणि ‘ब’साठी पुन्हा मिटले, असे होत नाही. कानाला दोन व्यंजने ऐकू येतात. ओठांच्या लेखी ती एकच कृती असते.

कॅथरीन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन या भाषावैज्ञानिकांनी अशाच निरीक्षणांवर एक सिद्धांत उभा केला. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेत त्यांचे काम चालले आणि १९८६ पासून त्यांचे लेख येऊ लागले. या सिद्धांताला आर्टिक्युलेटरी फोनॉलॉजी म्हणतात. भाषेतील उच्चाराचे मूळ एकक सुटा ध्वनी नसून तोंडातील हालचाल आहे, शब्द म्हणजे अशा हालचालींची वेळेत केलेली मांडणी आहे आणि या हालचाली एकमेकींवर चढलेल्या असतात, हे त्याचे मुख्य म्हणणे.

येथे हालचाल म्हणजे एखाद्या स्नायूचे आकुंचन नव्हे. तोंडाच्या पोकळीत ठराविक ठिकाणी, ठराविक प्रमाणात वाट अरुंद करायची किंवा बंद करायची, हे तिचे उद्दिष्ट असते. ‘ओठ मिटणे’ ही एक हालचाल. ती वरचा ओठ, खालचा ओठ आणि जबडा हे तिघे मिळून पार पाडतात. कोणी किती वाटा उचलायचा हे ठरलेले नसते. हॅस्किन्समधील संशोधकांनी १९८४ मध्ये याची परीक्षा घेतली. ‘ब’ने संपणारे अक्षर उच्चारले जात असताना यंत्राने बोलणाऱ्याचा जबडा अचानक खाली ओढला. वरचा ओठ तत्काळ नेहमीपेक्षा जास्त खाली आला आणि ओठ मिटलेच. अक्षराचा शेवट ‘झ’सारख्या ध्वनीने होत होता तेव्हा वरच्या ओठाने अशी भरपाई केली नाही, कारण तिथे काम जिभेचे होते. उद्दिष्ट काय, यावर अवयवांचे सहकार्य ठरते, असे यातून दिसले.

अशा हालचाली करणारे अवयव मोजकेच आहेत. ओठ, जिभेचे टोक, जिभेचा मुख्य भाग, टाळूच्या मागचा मऊ पडदा आणि घशातील स्वरयंत्र. पडदा खाली आला की हवा नाकातून जाते आणि ध्वनी अनुनासिक होतो; वर गेला की नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्रातील पडद्या जवळ असल्या की घोष उमटतो, दूर झाल्या की नुसती हवा वाहते. हे अवयव बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलू शकतात, म्हणूनच त्यांची कामे एकाच वेळी चालू शकतात.

ही कामे कागदावर मांडण्यासाठी ब्राउमन आणि गोल्डस्टीन यांनी जेश्चरल स्कोअर, म्हणजे हालचालपट, वापरला. वाद्यवृंदाच्या स्वरलिपीत प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी असते आणि सगळ्या ओळी एकाच वेळी डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात. हालचालपटाची रचना तशीच असते. प्रत्येक अवयवाला एक आडवी ओळ, आणि त्या ओळीवर त्याची हालचाल जितका वेळ चालू असेल तितकी लांब चौकट. चौकटीच्या आत उद्दिष्ट लिहिलेले असते: पूर्ण बंद, घर्षण होईल इतके अरुंद, किंवा मोकळे. अवयव त्या उद्दिष्टाकडे कसा सरकतो, याचे गणित एलियट सॉल्ट्झमन यांच्या प्रारूपातून घेतले आहे. त्यात प्रत्येक हालचाल स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखी धरली जाते. ते वजन आपल्या स्थिर जागेकडे खेचले जाते, पण तिथे पोचल्यावर मागेपुढे झुलत राहत नाही.

‘आंबे’ हा शब्द या पटावर मांडला तर असे दिसते. जिभेच्या मुख्य भागाच्या ओळीत ‘आ’ची रुंद चौकट आणि तिच्यानंतर ‘ए’ची चौकट. ओठांच्या ओळीत मध्यभागी मिटण्याची एकच चौकट. पडद्याच्या ओळीत, ओठ मिटण्याच्या जरा आधीपासून खाली येण्याची चौकट. ती ओठ अजून मिटलेले असतानाच संपते आणि पडदा पुन्हा वर जातो. स्वरयंत्राच्या ओळीत काहीच नसते, कारण शब्दभर घोष आहे आणि घोष ही बोलतानाची नेहमीची स्थिती मानली जाते.

आता हा पट आडवा न वाचता उभा वाचला, तर एकेका क्षणी काय चालले आहे ते कळते. पडदा ओठांच्या आधी खाली येतो, म्हणून ‘आ’चा शेवट थोडा अनुनासिक होतो. ओठ मिटलेले आणि पडदा खाली, या काळात ‘म्’ ऐकू येतो. ओठ तसेच मिटलेले राहतात आणि पडदा वर जातो, तेव्हा त्याच मिटण्याचा ‘ब’ होतो. या सगळ्या काळात ओठांच्या मागे जीभ ‘आ’कडून ‘ए’कडे निघालेली असते, ओठ उघडतात तेव्हा ‘ए’ जवळजवळ तयार असतो. ‘आबा’ आणि ‘आंबा’ यांतील मुख्य फरकही एका ओळीत सांगता येतो: एकात पडद्याची हालचाल नाही, दुसऱ्यात आहे. ब्राउमन आणि गोल्डस्टीन यांनी १९८६ मध्ये इंग्रजी आणि टांझानियातील चागा या भाषांमधील ‘म्ब’, ‘म्प’ अशा जोड्यांच्या वेळची ओठांची हालचाल मोजली, तेव्हा दोन्ही भाषांत ओठांचे मिटणे एकच निघाले. परंपरेने मात्र इंग्रजीत ते दोन ध्वनी आणि चागात एक ध्वनी मानले जात.

व्यंजनांतील काही भेदही वेळेच्या मांडणीतून निघतात. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांच्या सुरुवातीला जिभेचे काम सारखेच असते. ‘त’मध्ये जीभ सुटते त्या सुमारास स्वरयंत्रातील पडद्या पुन्हा जवळ आलेल्या असतात, म्हणून घोष लगेच सुरू होतो. ‘थ’मध्ये त्या अधिक उघडतात आणि जीभ सुटते त्या वेळीही उघड्याच असतात, म्हणून मध्ये हवेचा झोत जातो. तोंडासमोर तळहात धरला तर तो जाणवतो. ‘ह’ नावाचा वेगळा ध्वनी ‘त’नंतर जोडावा लागत नाही, दोन हालचालींचे एकमेकींशी असलेले नाते बदलले की पुरते.

सिद्धांताची खरी परीक्षा भरभर बोलण्यात होते, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘परफेक्ट मेमरी’ हे इंग्रजी शब्द. सुटे म्हटले तर ‘परफेक्ट’च्या शेवटचा ‘ट’ स्पष्ट ऐकू येतो. ओघात म्हटले तर तो ऐकू येत नाही, ‘परफेक् मेमरी’ असेच कानावर पडते. अशा वेळी ‘ट’चा लोप झाला, असे व्याकरण सांगत आले. पण जिभेवर बारीक धातूच्या गोळ्या चिकटवून क्ष-किरणांच्या झोताने त्यांचा माग काढल्यावर दिसले, की ओघात बोलतानाही जिभेचे टोक ‘ट’साठी वर जाते, आणि जवळजवळ तितकेच जाते. मग तो ऐकू का येत नाही? ‘क’साठी जिभेचा मागचा भाग टाळूला लागलेला असतानाच टोक वर जाऊन वाट बंद करते, म्हणून त्या बंद होण्याचा आवाज बाहेर पडत नाही. टोक खाली सुटते तेव्हा ‘म’साठी ओठ मिटलेले असतात, म्हणून सुटण्याचा आवाजही अडतो. ‘ट’ची हालचाल दोन्ही बाजूंनी झाकली गेली, ती गेली नाही.

यावरून सिद्धांताने एक धाडसी विधान केले. सहज बोलण्यात हालचाली गळत नाहीत, नव्या येत नाहीत आणि एकीच्या जागी दुसरी येत नाही. त्या फक्त लहान होतात आणि एकमेकींवर जास्त चढतात. नवा वाटणारा ध्वनीही यात बसतो. इंग्रजी ‘वॉर्म्थ’ या शब्दात पुष्कळांच्या बोलण्यात ‘म’नंतर ‘प’ डोकावतो. पडदा ओठ उघडण्याच्या किंचित आधी वर गेला आणि घोष थांबला, की मिटलेल्या ओठांमागे तेवढ्या क्षणापुरता ‘प’ तयार होतो. त्यासाठी कोणतीही नवी हालचाल करावी लागत नाही.

चुकीच्या उच्चारांतूनही पुरावा मिळाला. गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोलणाऱ्यांकडून ‘कॉप टॉप’ ही जोडी भरभर वदवून घेतली आणि जिभेवरच्या छोट्या संवेदकांनी हालचाली टिपल्या. अशा वेळी ‘क’च्या जागी ‘ट’ येतो, अशी समजूत होती. प्रत्यक्षात अनेकदा ‘क’साठी जिभेचा मागचा भाग वर गेलेला असतानाच टोकही थोडेसे वर उठत होते, म्हणजे दोन हालचाली एकाच वेळी होत होत्या. कारणही हालचालींतच सापडते. ‘प’ प्रत्येक अक्षरात येतो. ‘क’ आणि ‘ट’ एक सोडून एक येतात. एकाला दोन हे प्रमाण भरभर टिकवणे अवघड असते, म्हणून जीभ एकास एक या सोप्या लयीकडे घसरते आणि नको तिथेही उठते.

तरीही सगळ्या गोष्टी या चौकटीत बसत नाहीत. २००२ मध्ये एलिस आणि हार्डकॅसल यांनी टाळूवर बसवलेल्या कृत्रिम पट्टीतून जिभेचा स्पर्श मोजला. ‘न’नंतर ‘क’ आला की काही बोलणाऱ्यांच्या जिभेचे टोक कमीअधिक उठत होते, पण काहींचे अजिबात उठत नव्हते. या दुसऱ्या गटात ‘न’ झाकला गेला नव्हता, तो खरोखरच बदलला होता. मराठीतील तत्सम संधींचेही असेच आहे. ‘सत्’ आणि ‘जन’ यांपासून झालेल्या ‘सज्जन’मध्ये ‘त्’ची हालचाल कुठेही दडलेली नसते, तो शब्द तसाच शिकला आणि तसाच उच्चारला जातो. अमेरिकन इंग्रजीतील ‘र’ वेगळा प्रश्न उभा करतो. कोणी जिभेचे टोक वर वळवून तो काढतो, कोणी टोक खाली ठेवून जिभेचा मधला भाग उंचावून, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. तिथे बोलणाऱ्याचे लक्ष्य तोंडातील आकार आहे की कानी पडणारा आवाज, यावर अभ्यासकांत वाद आहे.

म्हणून एखादा ध्वनी ‘गेला’ असे कानाला वाटले, तरी तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. जिभेच्या मोजणीत हालचाल अजून दिसत असेल, तर ती झाकली गेली आहे आणि बोलण्याचा वेग कमी केल्यास ती पुन्हा ऐकू येण्याची शक्यता असते. मोजणीतही ती नसेल, तर बदल शब्दाच्या साठवणीतच झालेला असतो आणि त्याचे स्पष्टीकरण हालचालपटाबाहेर शोधावे लागते.