अर्ध्या इंचाचे दोन आटे

‘अर्धा इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाच्या आट्यांवर मोजपट्टी ठेवली, तर ती अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, कधीच दाखवत नाही. बाहेरच्या आट्यांचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे माप जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडले आणि पुढे नावापुरते उरले. त्यामुळे परदेशातून आणलेला नळ किंवा शॉवर घरातल्या पाइपला बसेल की नाही, हे खोक्यावरच्या आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा आट्यांच्या कोणत्या पद्धतीतला आहे, ते पाहावे लागते.

भारतातल्या नळजोडण्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांवर चालतात. दुकानात त्यांना बीएसपी म्हणतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांसाठी ५५ अंशांचा कोन सुचवला होता. तोच कोन या आट्यांत आहे आणि त्यांचे माथे किंचित गोलसर असतात. युरोपातले नळही साधारण याच कुटुंबातले. अमेरिकेत मात्र एनपीटी नावाची वेगळी पद्धत रूढ आहे. तिच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा आणि माथे सपाट छाटलेले असतात.

खरी अडचण अशी की अर्धा आणि पाऊण इंच या घरगुती मापांत दोन्ही पद्धती एकमेकींच्या फार जवळ येतात. दोन्हींत एका इंचात १४ आटे असतात. अर्ध्या इंचाच्या मापात व्यासातला फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो. त्यामुळे अमेरिकी शॉवर भारतीय पाइपवर फिरतो, दोन-तीन वेढे पकड घेतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण कोन वेगळे असल्यामुळे आट्यांच्या भिंती एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. मध्ये सर्पिल फट उरते आणि पाणी तिच्यातून वाट काढते. एक इंची मापात हा धोका कमी, कारण तिथे एका पद्धतीत इंचाला ११ आटे आणि दुसरीत साडेअकरा. ते लगेच अडकतात आणि चूक हाताला कळते. अर्ध्या इंचात ती कळत नाही.

पद्धतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पाणी नेमके कुठे अडते. काही आटे निमुळते असतात. पुढच्या टोकाला व्यास कमी असतो आणि मागे तो दर १६ मिलिमीटरला एक मिलिमीटर वाढत जातो. असा आटा घट्ट करताना पाचरीसारखा रुततो. त्यावर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप किंवा सुतळी-सफेदा उरलेली फट भरतो. दुसरे आटे सरळ असतात. शॉवरच्या लवचीक नळीच्या किंवा कनेक्शन पाइपच्या नटमध्ये असे आटे असतात. तिथे आटे फक्त ओढून धरतात, पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. अशा जोडावर टेप गुंडाळून उपयोग नसतो. वॉशर चपटा झालेला किंवा तिरका बसलेला असेल, तर टेपचे दहा वेढेही गळती थांबवत नाहीत.

ओळख पटवायला व्हर्नियर कॅलिपर, बारीक मोजपट्टी आणि घरातल्या पाइपला बसणारे एक साधे निप्पल पुरते. आधी बाहेरच्या आट्यांचा व्यास घ्यावा. २१ मिलिमीटरच्या आसपास आला तर अर्धा इंच, २६ च्या आसपास आला तर पाऊण, १६.६ आला तर तीन-अष्टमांश. मग दहा आट्यांची लांबी मोजावी. ती सुमारे १८ मिलिमीटर आली तर इंचाला १४ आटे आहेत. टोकाला आणि मुळाशी व्यास वेगळा येत असेल, तर आटा निमुळता. शेवटी टेप न लावता ओळखीच्या बीएसपी निप्पलशी जोडून हाताने फिरवून पाहावे. सहज चार-पाच वेढे जाऊन मग घट्ट होत गेले तर जोडी जुळते. लवकर अडकले, किंवा वेढे गेल्यावरही डगडगत राहिले, तर पाना लावू नये. संशय उरला तर खोक्यावरचे अक्षर पाहावे. ‘जी’ हे सरळ ब्रिटिश आट्याचे चिन्ह, तर एनपीटी किंवा आयपीएस ही अक्षरे अमेरिकी मालाची.

ठाण्यातल्या एखाद्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. न्यू जर्सीहून आलेल्या नातेवाइकांनी शॉवर आणला आहे. जुना शॉवर काढल्यावर भिंतीतून आलेल्या दांडीचे बाहेरचे आटे दिसतात: व्यास २०.९ मिलिमीटर, दहा आट्यांना १८ मिलिमीटर. म्हणजे अर्धा इंची बीएसपी. शॉवरच्या खोक्यावर अर्धा इंच एनपीटी लिहिलेले आहे. इथे दोन मार्ग सुचतात. शॉवरसोबत आलेली अमेरिकी दांडीच भिंतीत बसवावी, हा पहिला. तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे न जुळणारा जोड टाइलच्या मागे जातो आणि गळती ओल येईपर्यंत दिसत नाही. जुनी दांडी तशीच ठेवून तिच्या टोकाला एका बाजूने बीएसपीचे आतले आणि दुसऱ्या बाजूने एनपीटीचे बाहेरचे आटे असलेला पितळी अडॅप्टर लावणे, हा दुसरा आणि बरोबर मार्ग. मग प्रत्येक जोड आपल्याच जातीच्या आट्यांशी होतो आणि उघड्यावर राहतो.

शॉवर कॉकच्या पुढे असतो आणि त्याचे तोंड उघडे असते, म्हणून त्याच्या जोडावर दाब फक्त पाणी सुरू असतानाच येतो, तोही कमी. नळाच्या मागच्या जोडावर मात्र टाकीचा पूर्ण दाब रात्रंदिवस असतो. म्हणून तिथे ‘थोडे जुळते’ अशी जोडणी अजिबात चालवू नये.

युरोपीय बेसिन मिक्सरची गोष्ट वेगळी. त्याच्या नळ्या मिक्सरकडे १० मिलिमीटरच्या बारीक आट्यांनी बसतात. त्यांच्या दुसऱ्या टोकाचा नट अनेकदा तीन-अष्टमांश इंची असतो आणि आपल्याकडच्या अँगल कॉकचे तोंड अर्धा इंची. हा नट तिथे चढतच नाही. मिक्सरकडचे टोक तेच ठेवून दुसऱ्या टोकाला अर्धा इंची नट असलेली नळी घेतली, की प्रश्न सुटतो.

पाइप सीपीव्हीसीचा असेल तर भिंतीतल्या एल्बोत पितळी आटे बसवलेले आहेत ना, हे पाहून घ्यावे. नुसत्या प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निमुळता आटा जोर लावून घातला, तर पाचरीच्या दाबाने एल्बोला बारीक चीर जाते. ती कधी लगेच दिसते, कधी काही दिवसांनी. टाइल लावल्यामुळे एल्बो आत खोल गेला असेल आणि नळाचे आटे पोचत नसतील, तर त्याच पद्धतीचे एक्स्टेन्शन निप्पल घालावे. दोन-तीन आट्यांच्या पकडीवर नळ लटकवू नये.

बसवून झाल्यावर जोड पुसून कोरडा करावा, त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा आणि टाकी भरलेली असताना कॉक उघडून रात्रभर ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल तर जोड पक्का. एका बाजूला ओला असेल तर आधी वॉशर किंवा टेप तपासावी. सगळीकडून ओला असेल तर पुन्हा आट्यांकडे वळावे.