तीनास एकाचा ठोकताळा

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी होती तेव्हा भोसरीतल्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये माझं जाणं-येणं असायचं. चाळीस माणसांचं काम, गाड्यांचे छोटे सुटे भाग बनवायचे. आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग रात्रपाळी गेली आणि रात्रपाळीची माणसं दिवसा येऊ लागली. लेथ रिकामे असले की कामगार मशीन पुसायचे, जुनं भंगार वेगळं करायचे. एकदा तर सगळ्यांनी मिळून शेडला रंग दिला. ऑर्डर जवळपास पाव हिश्श्याने घटल्यावर कुठे ठेकेदाराची पाच माणसं कमी झाली. त्यातली दोघं सरळ गावी गेली, सोयाबीनच्या काढणीला. शहरात काम शोधत राहिलेली उरली तिघं.

आता हिशेब मांडू. काम घटलं पंचवीस टक्के. चाळीसातले तिघं बेरोजगार, म्हणजे साडेसात टक्के. काम तीन टक्क्यांहून थोडं जास्त घटावं तेव्हा बेरोजगारीत एका टक्क्याची भर पडावी, असं हे प्रमाण दिसतं. एका शेडचं गणित देशाला लावता येत नाही. तरी साठ वर्षांपूर्वी अमेरिकेच्या आकड्यांतून हेच प्रमाण बाहेर आलं होतं, आणि त्याची कारणंही बरीचशी या शेडमधलीच होती.

जानेवारी १९६१ मध्ये जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेतली मंदी संपत आली होती, पण त्या वर्षाची बेरोजगारी सरासरी ६.७ टक्के राहिली. अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख होते वॉल्टर हेलर, आणि सदस्यांत येल विद्यापीठाचे जेम्स टोबिन. करकपात करून मागणी वाढवावी, असं मंडळाचं मत होतं. पण अंदाजपत्रकात तूट असताना कर कमी करा म्हणून सांगायचं, तर बेरोजगारीमुळे देशाचं नेमकं किती नुकसान होतंय ते दाखवणं भाग होतं. हे काम आलं येलमधूनच आलेल्या आर्थर ओकुन यांच्याकडे. तेव्हा ते तिशीच्या सुरुवातीला होते. त्यांचं उत्तर १९६२ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात प्रसिद्ध झालं.

ओकुन यांनी आधी ‘संभाव्य उत्पादन’ म्हणजे काय ते ठरवलं. सगळी यंत्रं रात्रंदिवस धडाडली तर निघेल तेवढा माल, असा त्याचा अर्थ नाही. किमती भडकू न देता, माणसं रास्त प्रमाणात कामाला असताना जेवढं निघेल तेवढं. ‘रास्त प्रमाण’ म्हणून त्यांनी चार टक्के बेरोजगारी धरली. नोकरी बदलणारे, नुकतेच शिकून बाहेर पडलेले असे काही लोक चांगल्या दिवसांतही रिकामे असतातच. मग १९४७ ते १९६० या काळातले दर तिमाहीचे आकडे त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले. तिन्हींची उत्तरं तीनच्या आसपास आली, आणि त्यांनी पुढचं सूत्र वापरलं:

```
P = A [1 + 0.032 (U - 4)]
```

P म्हणजे संभाव्य उत्पादन, A म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन, U म्हणजे बेरोजगारीचा दर. १९६१ चे आकडे घालून पाहा. दर ६.७, म्हणजे चारच्या वर २.७. त्याला ३.२ ने गुणलं की साधारण ८.६ टक्के. त्या वर्षी अमेरिकेचं एकूण उत्पादन ढोबळमानाने ५२० अब्ज डॉलर होतं, त्याचे ८.६ टक्के म्हणजे ४५ अब्ज डॉलरच्या आसपास. इतका माल आणि इतक्या सेवा त्या देशाला करता आल्या असत्या, आणि त्या झाल्याच नाहीत. ‘बेरोजगारी पावणेतीन टक्के जास्त आहे’ हे वाक्य ऐकून कुणी दचकत नाही. तेच ४५ अब्ज डॉलर म्हणून समोर आलं की चित्र पालटतं, आणि मंडळाला हेच हवं होतं.

पण ओकुन यांच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मला या रकमेपुढे जाऊन दिसतो: प्रमाण तीनास एक का? सरळ विचार केला तर एक टक्का माणसं कमी झाली की उत्पादनही एक टक्काच घटायला हवं. उरलेले दोन टक्के येतात कुठून?

भोसरीच्या शेडमध्ये परत जाऊ. ओव्हरटाइम गेला तेव्हा एकही माणूस कमी झाला नव्हता, तरी कामाचे तास घटले होते. लेथवरचा कारागीर शेड रंगवत होता तेव्हा तो पूर्ण पगारावर होता, पण त्याच्या हातून भाग निघत नव्हते. मालक त्याला काढत नव्हता यात दया होती तसा हिशेबही होता. मोजमापात बारीक, हात बसलेला माणूस एकदा गेला की पुढच्या ऑर्डरला नवा तयार करायला महिने लागतात. अर्थशास्त्रात याला कामगार ‘राखून ठेवणं’ म्हणतात. त्यामुळे दर माणशी उत्पादकता घटल्यासारखी दिसते. आणि तिसरी गळती त्या गावी गेलेल्या दोघांची. काम शोधणंच थांबवलं की बेरोजगारांच्या मोजणीतून नाव उडतं. अमेरिकेत अशी माणसं घरी बसली, पुन्हा शाळा-कॉलेजात गेली. विशेषतः बायका आणि तरुण मुलं. तास, उत्पादकता आणि शोध सोडून दिलेली माणसं, या तीन जागी ते उरलेले दोन टक्के मुरलेले असतात. बेरोजगारीच्या आकड्यात दिसतो तो नुकसानीचा फक्त तिसरा हिस्सा.

ओकुन यांच्या एका पद्धतीतून आणखी एक गोष्ट निघते. तिमाहीत उत्पादन अजिबात वाढलं नाही तर बेरोजगारी ०.३ टक्क्याने वाढते. उत्पादन एक टक्का वाढलं तर ती जागच्या जागी राहते. म्हणजे वर्षाला साधारण चार टक्के वाढ झाली, तरी बेरोजगारी फक्त स्थिर! कारण दरवर्षी नवे हात बाजारात येतात आणि जुने हात थोडं जास्त काम उरकायला शिकतात. त्या दोन्हींना पुरेल इतकी वाढ होऊन वर काही उरलं, तरच बेरोजगारांची रांग कमी होते. म्हणून ‘अर्थव्यवस्था वाढतेय, मग नोकऱ्या का नाहीत’ हा प्रश्न अडाणीपणाचा मानू नये. वाढ किती आहे, आणि बेरोजगारी नुसती जागेवर ठेवायला किती लागते, या दोन आकड्यांच्या वजाबाकीत त्याचं उत्तर असतं.

करकपातीचा कायदा झाला तो केनेडी यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९६४ मध्ये, लिंडन जॉन्सन यांच्या सहीने. १९६५ मध्ये बेरोजगारी साडेचारवर आणि १९६६ मध्ये ३.८ वर आली. तोवर व्हिएतनामचा युद्धखर्चही जोरात सुरू झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय करकपातीला देता येत नाही. मात्र उत्पादन वाढलं तशी बेरोजगारी उतरली, ती ठोकताळ्याच्या दिशेनेच.

याची कच्ची बाजूही तिथेच उघडी पडली. चार टक्के हा आकडा ओकुन यांनी मोजून काढला नव्हता, तो त्यांचा अंदाज होता. साठचं दशक सरताना बेरोजगारी चारच्या खाली गेली तशा किमती चढू लागल्या, आणि सत्तरच्या दशकात तर महागाई आणि बेरोजगारी एकत्रच वाढल्या. ‘रास्त’ बेरोजगारी चारऐवजी पाच किंवा सहा धरली, तर संभाव्य उत्पादन तेवढंच खाली येतं आणि नुकसान निम्म्यावर येऊ शकतं. १९६१ चंच उदाहरण घ्या: चारच्या जागी पाच धरले तर ८.६ टक्क्यांची तूट साडेपाच टक्क्यांवर येते. देश तोच, माणसं तीच. संभाव्य उत्पादन डोळ्यांना दिसत नाही, कुठल्या गोदामात जाऊन मोजताही येत नाही. म्हणून कुणी अशी तूट सांगितली की त्यात ‘रास्त’ दर किती धरलाय, हे मी सगळ्यात आधी विचारते.

आणि तीन हा आकडाही काही कोरलेला नव्हता. नंतरच्या दशकांत अमेरिकेत तो दोनच्या जवळ आला, कारण तिथले मालक पूर्वीपेक्षा लवकर माणसं काढू लागले. २००९ च्या मंदीत अमेरिकेचं उत्पादन अडीच टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि बेरोजगारी वर्षभरात सरासरी ५.८ वरून ९.३ वर गेली. जर्मनीचं उत्पादन त्याच वर्षी पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेरोजगारी जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर हलली. जर्मनीत ‘कुर्त्सआर्बाइट’ नावाची जुनी सोय आहे: काम कमी झालं की मालकाने माणूस न काढता त्याचे तास कमी करायचे, आणि हातात येणारा जेवढा पगार बुडाला त्याचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी निधीतून द्यायचे. मे २००९ मध्ये जवळपास १५ लाख कामगार या सोयीवर होते. जर्मनीचं नुकसान अमेरिकेहून मोठं होतं, पण ते तासांत मुरलं. घराचा हप्ता चुकला नाही आणि माणूस आपल्या मशीनपाशीच राहिला. हे बेरोजगारीच्या आकड्यावर पांघरूण घालणं आहे, असं म्हणणारे भेटतात. ज्याची नोकरी वाचली त्याच्या घरातून पाहिलं तर मला ते पटत नाही.

आपल्याकडे हा ठोकताळा लावायला गेलं की तो हातात राहत नाही. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत देशाचं उत्पादन जवळपास २४ टक्क्यांनी कोसळलं आणि शहरी बेरोजगारी २१ टक्क्यांच्या आसपास गेली. एवढ्यापुरतं नातं दिसलं. पण पूर्ण वर्षाचे आकडे पाहा. २०२०-२१ या आर्थिक वर्षात उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटलं, आणि सरकारच्या श्रमबल पाहणीत बेरोजगारी आधीच्या वर्षाच्या ४.८ वरून ४.२ वर उतरली! पाहणीचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असायचं, त्यामुळे टाळेबंदीची ती सगळ्यात वाईट तिमाही या वर्षात नाही. पण फक्त तेवढ्याने हे उलटं चित्र उलगडत नाही. त्याच पाहणीत शेतीवर असलेल्या कामकऱ्यांचा हिस्सा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. कित्येक दशकं हळूहळू घटत आलेला हिस्सा दोन वर्षांत चार टक्क्यांनी वर गेला.

बेरोजगार राहायलाही पदरी काही असावं लागतं. बेरोजगार भत्ता नाही, बचत नाही, तर माणूस महिनोन्‌महिने शोधत बसू शकत नाही. तो भावाच्या शेतात उतरतो, नाहीतर भाजीची गाडी लावतो. पाहणीवाला आला की घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही ‘कामावर’ म्हणूनच लिहिला जातो. त्याच पाहणीत माणसाने आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी किती तास काम केलं, हेही विचारतात. बातमीच्या मथळ्यात बेरोजगारीचा दर येतो, हे तास येत नाहीत. भोसरीतून गेलेल्या त्या दोघांपैकी एक जण त्या दिवाळीत भेटला होता. दोन एकर, तीन भाऊ. ‘काम आहे,’ तो म्हणाला, ‘पण एकाचंच.’