मर्यादा कोणत्या निष्कर्षाला लागते?

पीएच.डी.च्या प्रबंधात ‘संशोधनाच्या मर्यादा’ हे शीर्षक बहुधा पहिल्याच प्रकरणात येते आणि त्याखाली ठरलेली वाक्ये असतात. ‘सदर संशोधन एका तालुक्यापुरते मर्यादित आहे.’ ‘निष्कर्ष प्रतिसादकांनी दिलेल्या माहितीवर अवलंबून आहेत.’ ‘वेळेअभावी नमुना मर्यादित ठेवला आहे.’ ही वाक्ये खोटी नसतात. पण बऱ्याचदा ती संशोधनाचा आराखडा सादर करतानाच लिहिलेली असतात, म्हणजे संशोधक गावात पाऊल टाकण्याच्या आधी. गावात गेल्यावर जे बिनसले, त्याचा पत्ता त्यांत कसा लागणार?

यातले पहिले वाक्य तर मर्यादा नव्हेच. एकच तालुका घेणे हा संशोधकाचा स्वतःचा निर्णय आहे. शिक्षणशास्त्रातले लोक त्याला ‘परिमर्यादा’ म्हणतात, आणि ती पहिल्या प्रकरणात शोभते. मर्यादा म्हणजे काम करताना राहून गेलेली उणीव, जिच्यामुळे एखाद्या निष्कर्षाला बाक येऊ शकतो. ती शेवटच्या प्रकरणात, निष्कर्षांच्या लगेच मागोमाग यावी, कारण कोणत्या निष्कर्षाला ती लागते हे तिथेच सांगता येते.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे सविस्तर पाहू. समजा, एका विद्यार्थिनीने महिला बचत गटांवर प्रबंध लिहिला. तालुक्यातल्या 180 सदस्य महिलांना भेटून तिने दोन निष्कर्ष काढले. पहिला, गटात आल्यापासून बहुसंख्य महिलांचे उत्पन्न वाढले. दुसरा, 180 पैकी 78 जणींनी गटाचे कर्ज नोंदवहीत लिहिलेल्या कारणासाठी वापरलेच नाही. वहीत ‘शेळीपालन’ लिहिले, पैसे मुलीच्या फीला किंवा सासऱ्यांच्या दवाखान्याला गेले. प्रबंधाचे खरे योगदान हा दुसरा निष्कर्ष आहे.

आता उणिवा. गटांची यादी तिने सरकारी कार्यालयातून घेतली, त्या यादीत फक्त चालू गट होते. बंद पडलेल्या गटांतल्या बायका तिला भेटल्याच नाहीत. शिवाय 150 मुलाखती गटाच्या बैठकीत, अध्यक्षबाईंच्या समोर झाल्या. उरलेल्या 30 जणी बैठकीला आल्या नव्हत्या, म्हणून ती त्यांच्या घरी गेली.

‘नमुना मर्यादित होता व काही मुलाखती इतरांच्या उपस्थितीत झाल्या’ असे एका ओळीत लिहिले, तर परीक्षकाला दोन्ही निष्कर्षांवर सारखाच संशय येतो. आणि तो त्याचा दोष नाही, कारण कोणती उणीव कुठे बाधते हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून प्रत्येक उणिवेला एकच प्रश्न विचारायचा: ही माझा आकडा कोणत्या बाजूला ओढते?

बंद गट सुटले ही उणीव उत्पन्नाच्या निष्कर्षाला लागते. गट बंद पडण्यामागे कर्ज थकणे, धंदा बुडणे, आपसांतले भांडण अशी कारणे असू शकतात. त्या बायका गणतीत आल्या असत्या, तर उत्पन्न वाढल्याचे प्रमाण बहुधा खाली आले असते. याला प्रबंधात औषध नाही. दावाच लहान करायला हवा: ‘बचत गटांमुळे महिलांचे उत्पन्न वाढते’ याऐवजी ‘आज चालू असलेल्या गटांतील बहुसंख्य सदस्यांनी उत्पन्न वाढल्याचे सांगितले’.

अध्यक्षबाईंची उपस्थिती मात्र उलट्या बाजूने ओढते. कर्ज दुसरीकडे वळवल्याचे अध्यक्षांच्या तोंडावर कोण कबूल करील? लपवणाऱ्या असतील, पण न केलेली गोष्ट उगाच कबूल करणारी क्वचितच सापडेल. म्हणजे 78 हा आकडा फुगलेला नसून कमीच असण्याची शक्यता जास्त. हे तिच्याच माहितीत तपासता येते. बैठकीतल्या 150 पैकी 59 जणींनी कबुली दिली, म्हणजे सुमारे 39 टक्के. घरी भेटलेल्या 30 पैकी 19 जणींनी दिली, सुमारे 63 टक्के.

इथे मोह होतो की 63 टक्के हाच खरा आकडा म्हणून मिरवावा. तसे करू नये. या 30 जणी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. घरात आजारपण असल्यामुळेच काही जणी बैठकीला आल्या नसतील, आणि आजारपण असलेल्या घरातच कर्ज दवाखान्याकडे वळते. ही शंकाही लिहायला हवी. तेव्हा परिच्छेद असा होईल:

‘150 मुलाखती गटाच्या अध्यक्षांसमोर झाल्या. त्यामुळे कर्जाचा वेगळा वापर काही महिलांनी सांगितला नसण्याची शक्यता आहे. घरी घेतलेल्या 30 मुलाखतींत हे प्रमाण जास्त आढळले. परंतु या महिला यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नसल्याने त्यावरून नेमका आकडा काढता येत नाही. 78 ही संख्या किमान मानावी. नोंदवहीतील कारण व प्रत्यक्ष वापर यांत तफावत आहे, हा निष्कर्ष या मर्यादेमुळे बदलत नाही.’

यात कुठे माफी नाही की सारवासारव नाही. उणीव, तिची दिशा, तपासणी, तपासणीचीही कमजोरी, आणि शेवटी काय शाबूत राहते, हे ओळीने आले आहे. शेवटचे वाक्य बरेच विद्यार्थी संकोचाने गाळतात. ते गाळू नका. पण वरच्या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ते लिहिण्याचा हक्कही मिळत नाही.

ही रीत नवी नाही. 1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. 709 कर्करोगी आणि तितकेच इतर रुग्ण अशी तुलना होती. त्यातली मोठी उणीव त्यांनी स्वतःच मांडली: समोरच्या रुग्णाला कर्करोग आहे, हे मुलाखत घेणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत असे. मग त्यांनी नकळत जास्त धूम्रपान नोंदवले असेल तर? सुदैवाने काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी कर्करोगी समजले गेले होते आणि पुढे ते निदान चुकीचे ठरले होते. पूर्वग्रहाने आकडे फुगले असते, तर या रुग्णांच्या नोंदीही फुगायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या. कर्करोग नसलेल्यांशीच त्या जुळत होत्या.

अशी तपासणी करायची तर सामग्री हाताशी लागते, आणि ती लिहायला बसल्यावर मिळत नाही. आपल्या विद्यार्थिनीने कोणती मुलाखत कुठे झाली, शेजारी कोण बसले होते, हे प्रत्येक प्रश्नावलीच्या कोपऱ्यात त्याच दिवशी टिपले नसते, तर 59 आणि 19 वेगळे काढताच आले नसते. सगळे 78 मध्ये विरघळून गेले असते.

प्रबंध बांधायला देण्यापूर्वी एक काम राहते. मर्यादांचे पान समोर ठेवून गोषवारा, निष्कर्ष आणि शिफारशी पुन्हा वाचा. मर्यादांत ‘फक्त चालू गट’ असे कबूल करून गोषवाऱ्यात ‘ग्रामीण महिलांचे उत्पन्न वाढले’ असे राहिले असेल, तर ते वाक्य आधी दुरुस्त करा. परीक्षक गोषवाराच प्रथम वाचतात.