चाळीस शेरे आणि एक श्रेणी

सिद्धगडाच्या पायथ्याशी जुलै म्हणजे भाताची लावणी. मुरबाड-शहापूरच्या सेवा सोसायट्यांचे संचालक दिवसभर चिखलात असतात आणि नेमके याच दिवसांत लेखापरीक्षणही उरकावे लागते, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ते पूर्ण व्हावे, असे सहकार कायदा सांगतो. मग सभेत गटसचिव अहवाल वाचू लागतो. पहिला शेरा व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प नसल्याचा, दुसरा प्रोसिडिंगवर सही राहिल्याचा. गोदामातल्या भाताची तूट येते एकतिसाव्या शेऱ्यात. तोवर निम्मी सभा उठलेली असते.

या अडचणीवर उपाय शोधायची धडपड जुनी आहे. 1960च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमापाठोपाठ आलेल्या 1961च्या नियमांनीच लेखापरीक्षकाला काही बाबी वेगळ्या काढून दाखवायला सांगितल्या: कायदा व उपविधींविरुद्धचे व्यवहार, हिशेबात न आणलेल्या रकमा, खर्च-वसुलीतल्या अनियमितता, बुडीत वा संशयित येणी. दोषांची ही पहिली चाळणी होती. जोडीला गुणांवरून ठरणारा ऑडिट वर्ग आला: अ, ब, क, ड. हे एक अक्षर सभासदाला लगेच कळे. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर ‘अ वर्ग’ ठळक छापायची प्रथा त्यातूनच पडली.

या पद्धतीची गोम बेरजेत होती. वसुलीचे, भांडवलाचे, दप्तराचे गुण एकत्र केले की चांगले दप्तर वाईट गोदामाला सांभाळून घेते.

अमेरिकी बँक-नियामकांनी 1979 साली एक वेगळी रीत घातली. पुढे ती कॅमल्स नावाने भारतीय बँकांच्या तपासणीतही आली. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन अशा घटकांना स्वतंत्र श्रेणी द्यायची, पण एकूण श्रेणी त्यांची सरासरी धरायची नाही. तपासनीसाने सगळे चित्र पाहून ती ठरवायची आणि व्यवस्थापनाला विशेष वजन द्यायचे. रिझर्व्ह बँकेने 2002 मध्ये व्यापारी बँकांना आणि 2021 मध्ये 500 कोटी वा त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांना जोखीमाधारित अंतर्गत लेखापरीक्षणाकडे वळवले.

मधल्या काळात, सप्टेंबर 2019 मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच उद्योगसमूहाची 44 कर्जखाती 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवल्याचे तपासात पुढे आले. श्रेणी कितीही नेमकी ठरवली तरी तिच्याखालची आकडेवारीच खोटी असेल, तर ती कामाची नाही, हे तेव्हा ठेवीदारांना कळले.

आज मुरबाडच्या एखाद्या भात खरेदी करणाऱ्या सोसायटीत सरासरी टाळून श्रेणी द्यायची ही रीत कशी वापरता येईल? समजा, वहीत 1,200 क्विंटल भात आहे आणि वजन भरले 1,130. मान्य घट 12 क्विंटल धरली, तरी 58 क्विंटलांचा हिशेब लागत नाही. क्विंटलला 2,300 रुपये दराने ही रक्कम 1,33,400 रुपये होते. रक्कम मोठी, तूट सलग दुसऱ्या वर्षाची आणि गोदामाची किल्ली व वही एकाच माणसाकडे. म्हणजे नुकसान झालेले आहे आणि पुन्हा होण्याची वाटही मोकळी आहे. हा दोष ‘गंभीर’. उपविधीच्या मर्यादेहून जास्त हातशिल्लक सात दिवस राहिली, पण रोकड पूर्ण सापडली, तर तो ‘मध्यम’. राहिलेल्या सह्या ‘किरकोळ’, आणि त्या एकाच शेऱ्यात मावतात.

एकूण श्रेणी मग गुणांनी ठरत नाही. हिशेब न लागलेला एकही गंभीर दोष असेल, तर बाकी दप्तर कितीही नीट असो, अहवाल ‘असमाधानकारक’. पहिल्या पानावर चार गोष्टी पुरतात: ही श्रेणी, ती कशामुळे पडली ते एका वाक्यात, गंभीर-मध्यम-किरकोळ दोषांची संख्या आणि दुरुस्ती कोणी, कधीपर्यंत करायची.

घोळ होतो तो शब्दांच्या घासाघिशीत. मसुदा दाखवला की गंभीरचे मध्यम करून घेण्याचा आग्रह सुरू होतो. म्हणून कसोट्या तपासणीआधीच सभेत मंजूर करून घ्याव्या लागतात: किती रुपयांपुढे गंभीर, दुसऱ्यांदा आढळलेला दोष एक पायरी वर. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले आणि प्रत्येकात सगळेच दोष ‘मध्यम’ दिसले, तर तिथे कसोटी वापरलेलीच नाही, असे खुशाल समजावे.

दोषदुरुस्तीला कायदा तीन महिने देतो. जुलैअखेर अहवाल हाती आला, तर ही मुदत ऑक्टोबरअखेर संपते. तोवर भात कापणीला आलेले असते. नवी आवक गोदामात पडण्याआधी किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे गेली की नाही, एवढे संचालकांना तेव्हा विचारता येते.