एक कुर्ता, सहा रंग

ऑनलाइन दुकानात एखादा कुर्ता सहा रंगांत दिसतो. गुलाबीवर बोट ठेवलं की गुलाबी, बाटली हिरव्यावर ठेवलं की हिरवा. नीट पाहिलं तर सहाही फोटोंत कोपराजवळची चुणी तंतोतंत तीच असते. मॉडेलने कुर्ता एकदाच घातलेला असतो, बाकीचे रंग संगणकावर चढवलेले असतात. यात फसवणूक नाही, खर्चाची बचत आहे. फसवणूक वाटते ती पार्सल उघडल्यावर, जेव्हा पिस्ता समजून मागवलेला कुर्ता गडद हिरवा निघतो.

चूक बहुतेकदा एकाच ठिकाणी होते. फोटोशॉपमध्ये कुर्त्याचा भाग निवडायचा, वर हिरव्या रंगाचा थर टाकायचा आणि त्याला Color हा पर्याय द्यायचा, ही सोपी वाट. पण Color फक्त रंगछटा आणि संपृक्तता बदलतो, उजळपणा मूळ फोटोचाच ठेवतो. मूळ कुर्ता फिका राखाडी असेल तर बाटली हिरवा चढवूनही समोर येतो तो पिस्ताच.

मग उजळपणा सरसकट खाली ओढावा, तर चुण्या काळ्याकुट्ट होतात. कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा परत पाठवतं. चुणीत निम्माच प्रकाश पोचला तर तिथून परत येणाराही निम्माच. म्हणजे हा हिशेब वजाबाकीचा नसून गुणाकाराचा आहे, आणि फोटोशॉपमधला Multiply हा पर्याय बऱ्याच अंशी तेच करतो.

बाटली हिरव्याचंच उदाहरण घेऊ. कापडाचा तुकडा स्पेक्ट्रोफोटोमीटरखाली धरला आणि आकडे आले: L 30, a −25, b 8. L म्हणजे उजळपणा, 0 काळा आणि 100 पांढरा. a उणे असेल तर हिरव्याकडे झुकाव, b अधिक असेल तर पिवळ्याकडे. यंत्र D50 या प्रमाणित प्रकाशावर लावलेलं हवं, कारण फोटोशॉपचे Lab आकडे त्याच प्रकाशाचे असतात. पडद्याच्या sRGB भाषेत हा रंग होतो लाल 19, हिरवा 81, निळा 57. मूळ राखाडी कुर्त्याचा उजेडातला सपाट भाग तिन्हींत साधारण 171 आहे. आता प्रत्येक आकड्याला 171 ने भागून 255 ने गुणायचं. उत्तर येतं 28, 121, 85. या रंगाचा थर Multiply वर ठेवला की सपाट भाग बाटली हिरवा होतो, चुण्या आपल्या प्रमाणात गडद होतात आणि त्यांच्यातली घडण टिकते.

डोळ्यांवर विसंबून इथेच थांबू नये. आजूबाजूची पांढरी भिंत आणि मॉडेलच्या त्वचेचा रंग नजरेला चकवतात. आयड्रॉपर 31 by 31 Average वर ठेवून तोच सपाट भाग Info मध्ये वाचावा. समजा तिथे 33, −21, 10 आले. फरक 3, 4 आणि 2. त्यांच्या वर्गांची बेरीज 29, वर्गमूळ सुमारे 5.4. दोन-तीनच्या आतला फरक सहसा खटकत नाही, पाचाचा मात्र शेजारी धरल्यावर दिसतो. संशयित शोधायला लांब जावं लागत नाही: मूळ राखाडी कापडातच जरा तांबूस-पिवळसरपणा असावा. थराचा रंग थोडा गडद, आणखी हिरवा आणि निळसर करून पुन्हा वाचलं, 31, −24, 9 आले, की फरक 1.7 वर येतो. आता फाइल sRGB प्रोफाइलसकट जतन करायची.

अर्थात फोटोच पिवळ्या दिव्याखाली काढलेला असेल तर हा सगळा हिशेब वाया. म्हणून पहिल्या फोटोत मॉडेलजवळ राखाडी कार्ड धरतात आणि त्यावरून पांढऱ्याचा समतोल साधतात. सहाही रंगांचे तुकडे त्याच उजेडात एका पट्टीवर लावून एक फोटो घेतला तर आणखी उत्तम, पुढे तुलनेला खरा साक्षीदार हाताशी राहतो. मूळ कुर्ता फिकाच हवा. काळ्या कुर्त्याचा पिवळा करायला गेलं तर सावल्यांत तपशीलच उरलेला नसतो, वर येतो तो नुसता दाणेदारपणा.

काही कापडांपुढे ही युक्ती हरते. साटीनवरची चमक दिव्याच्या रंगाची असते, कापडाच्या नाही. Multiply तिलाही हिरवी करतो, म्हणून चमकीचा भाग मास्क लावून वेगळा ठेवावा लागतो. झगझगीत फ्लुरोसंट रंग साध्या पडद्यावर उतरतच नाहीत, तिथे वर्णनात तसं लिहिणंच प्रामाणिक. आणि धूपछाव रेशमात ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की रंग पालटतो, त्याला एकच एक आकडा लावणार कसा? अशा साडीचा प्रत्येक रंग स्वतंत्रपणे, खऱ्या कापडावरच टिपायला हवा. दुकानदाराने तिथे फोटोग्राफरचे पैसे वाचवू नयेत.