आजीचं मनगट, नातीचं मनगट

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात सहा आठवड्यांच्या अंतराने दोन हात प्लास्टरमध्ये गेले. आधी आईचा. ती ६२ वर्षांची. मोरीत पाय सरकला, सावरायला तिने हात टेकला आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. मग माझ्या लेकीचा. ती ११ वर्षांची. शाळेच्या पटांगणात पळता पळता पडली आणि तिनेही हातच टेकला. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवले. हाड तेच, जागाही जवळपास तीच. ते आईला म्हणाले, "काकू, तुमचं हाड झिजलंय म्हणून मोडलं. हिचं अजून भरायचंय म्हणून मोडलं." त्या एका वाक्याने मला पुढचे कितीतरी दिवस वाचत बसवलं.

नातीचं आधी सांगते. वयात येताना मुलं झपाट्याने उंच होतात हे आपण सगळेच बघतो. जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म दिवाळीला आखूड होतो. पण हाडाची लांबी आणि हाडात भरलं जाणारं खनिज, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, एकाच वेगाने वाढत नाहीत. लांबी पुढे धावते, खनिज सहा-आठ महिने मागून येतं. मधल्या काळात हाड लांब असतं, पण कच्चं असतं. मुलामुलींमध्ये मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण नेमकं याच वयात सगळ्यात जास्त दिसतं.

मग खनिज येतं ते मात्र लोटाने. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातल्या संशोधकांनी शाळकरी मुलांची हाडं वर्षानुवर्षं, दर वर्षी मोजली. मुलींमध्ये साडेबाराच्या आसपास आणि मुलग्यांमध्ये चौदाच्या आसपास खनिज भरण्याचा वेग सर्वांत जास्त होता. मोठेपणी सांगाड्यात जेवढं खनिज असतं, त्याचा जवळपास चौथा हिस्सा या शिखराच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिळून दोन वर्षांत भरला गेला होता. अठरा-विसाव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के काम उरकतं. उरलेलं हळूहळू तिशीच्या आत-बाहेर पूर्ण होतं. त्या वेळी अंगात जेवढं हाड असतं, तेवढं आयुष्यात पुन्हा कधीच नसतं. डॉक्टर याला हाडांचं शिखर वस्तुमान म्हणतात.

आता आईकडे येते. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी तिला डेक्सा स्कॅन करायला सांगितलं. दहा-पंधरा मिनिटं आडवं पडायचं, अगदी कमी मात्रेचे एक्स-रे कमरेच्या मणक्यांवरून आणि खुब्यावरून फिरतात, दुखत खुपत काही नाही. रिपोर्टवर दोन आकडे ठळक होते. मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.९, खुब्याच्या मानेचा उणे २.६. आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "उणे म्हणजे कुणापेक्षा उणे?"

हा प्रश्न तिने विचारला नसता तर मलाही सुचला नसता. उत्तर असं, की टी-स्कोअर काढताना तुमची तुलना तुमच्या वयाच्या बाईशी होत नाही. ती होते विशी-तिशीतल्या निरोगी बाईच्या सरासरीशी, म्हणजे शिखराशी. त्या वयाच्या बायकांमध्येही हाडं कमी-जास्त असतात. त्या फरकाचं जे नेहमीचं माप, त्याला एक एकक धरतात. मणक्यात हे एक एकक सुमारे दहा-अकरा टक्के हाडाएवढं भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली रेघ आखून दिली, ती अशी : उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, आणि मधलं सगळं अलीकडची पायरी.

पण उणे २.६ हा आकडा एक गोष्ट मुळीच सांगत नाही. आईची हाडं भरपूर होती आणि नंतर खूप झिजली, की मुळातच कमी भरली होती आणि बेताचीच झिजली? यंत्राला आजचं हाड दिसतं, पंचविशीतलं दिसत नाही. दोघींचा आकडा सारखाच येतो.

झीज कशी होते ते समजायला मटणाची नळी आठवावी. मधला दांडा घट्ट, गुळगुळीत असतो. टोकाचा गड्डा कापला की आत बारीक काड्यांची जाळी दिसते. आपल्या मणक्यांत, खुब्यात आणि मनगटात अशी जाळी बरीच असते. या जाळीत जन्मभर दोन प्रकारच्या पेशी राबतात. एक जुनं हाड कुरतडून खड्डा करतात, दुसऱ्या मागून येऊन तो खड्डा भरतात. खड्डा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून यायला काही महिने. वाढत्या वयात भरणाऱ्या पेशी पुढे असतात. तिशीनंतर काही वर्षं साधारण बरोबरी राहते आणि मग प्रत्येक खड्डा किंचित अपुरा भरला जाऊ लागतो.

बायकांमध्ये हे पाळी जाताना एकदम बिघडतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरत असतं. ते आटलं की त्या पेशी जास्त दिवस जगतात, जास्त ठिकाणी खड्डे पडतात आणि ते खोलही जातात. जाळीतली बारीक काडी आरपार तुटते. खरं नुकसान तिथे होतं. काडी बारीक झाली असेल तर तिच्यावर पुन्हा थर चढू शकतो. काडी तुटूनच गेली तर भरणाऱ्या पेशींना बसायला जागा उरत नाही. म्हणून नंतर कितीही कॅल्शियम घेतलं तरी पंचविशीतली जाळी परत विणली जात नाही. औषधं झीज थोपवतात, काही इंजेक्शनं उरलेल्या काड्या जाड करतात. ती जरूर घ्यावीत, मोडण्याचा धोका त्यांनी खरोखर कमी होतो. पुरुषांमध्ये काड्या तुटण्यापेक्षा बारीक होतात आणि मुळात त्यांची हाडं मोठी असतात, त्यामुळे त्यांच्यावर ही वेळ उशिरा येते. पण येते.

अमेरिकेत शेकडो बायकांची हाडं पाळी जाण्याच्या आधीपासून दर वर्षी मोजली गेली. शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधी घसरण सुरू झाली आणि नंतरची दोन वर्षं ती सर्वांत वेगवान होती. या दहा वर्षांच्या टप्प्यात मणक्यातलं सरासरी साडेदहा टक्के हाड गेलं. आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं लवकर, सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, म्हणजे घसरणही लवकर लागते.

एक हिशेब करून बघू. दोन बायका धरा. पहिलीचं शिखर १००, दुसरीचं ९०. पंचेचाळिशीपर्यंत दोघी स्थिर. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दोघींचं सारख्याच प्रमाणात गेलं आणि ५६व्या वर्षी पहिली ८९वर, दुसरी ८०वर आली. त्यानंतर दोघींचं वर्षाला ०.८ टक्के झिजतंय. ठिसूळपणाची रेघ साधारण ७४ला येते. दुसरी तिथे ६६व्या वर्षी पोहोचते, पहिली ७९व्या. झीज दोघींची सारखीच, तरी तेरा वर्षांचा फरक पडला. हे आकडे मी समजण्यासाठी सोपे केले आहेत, प्रत्यक्षात कुणाचंही हाड असं सरळ रेषेत उतरत नाही. पण २००३ साली संशोधकांनी संगणकावर बारकाईने हाच हिशेब मांडला, तेव्हा शिखरातल्या दहा टक्के वाढीला त्यांनाही तेराच वर्षं मिळाली. पाळी जाण्याचं वय दहा टक्क्यांनी पुढे ढकलल्यावर मिळाली जेमतेम दोन.

आईच्या रिपोर्टमधली एक विसंगती मात्र मला छळत होती. मणके बरे आणि खुबा वाईट, असं कसं? डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं. वयामुळे मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटली होती. ती टोकंही यंत्र हाड म्हणूनच मोजतं आणि आकडा फुगतो. साठीनंतर मणक्याच्या आकड्यावर विसंबू नये, खुब्याचा बघावा, ते याचसाठी. उलट चूकही होते. हे यंत्र हाडाची सावली मोजतं, जाडी त्याला दिसत नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं निरोगी हाडही कमी घट्ट भासतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका लहान चणीच्या असतात. आईबाबत शंका नव्हती, कारण उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं हाच मोठा पुरावा होता.

दुसरा पुरावा घरातच होता आणि आम्ही तो दोन वर्षं बघत होतो. आईची साडी पायात येऊ लागली होती. "फॉल लावताना चुकलं असेल," म्हणत ती निऱ्या वर खोचत राहिली. तिची उंची मोजली तर पासपोर्टच्या जुन्या फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली. कमरेच्या वरचा एक मणका कधीतरी गुपचूप दबला होता. पाठ दुखली तेव्हा तिने बाम चोळला होता.

"तुमच्या चार बाळंतपणांनी हाडं खाल्ली," असं मावशी म्हणाली. हे मी तपासलं. अंगावर पाजताना मणक्यातलं हाड काही टक्क्यांनी कमी होतं हे खरं. पण बाळ तोडल्यावर वर्षभरात ते बहुतेक सगळं भरून येतं. आईच्या हाडांचा दोष तिच्या लेकरांवर येत नाही.

मग शिखर कशाने ठरतं? साठ ते ऐंशी टक्के वाटा अनुवंशाचा. माझ्या लेकीने आजीची चण उचलली आहे, तिथे काही करता येत नाही. उरलेल्यात खाणं येतं, ऊन येतं आणि हाडाला बसणारा हिसका येतो. वाढत्या वयात दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असतं, कपभर दुधात दोनशेच्या वर.

हिसक्याचा वाटा मला सगळ्यात थक्क करून गेला. फिनलंडमध्ये टेनिस खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले. खेळणाऱ्या हाताचं हाड जास्त भरलेलं होतंच, पण ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास रॅकेट धरली, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. अमेरिकेत वयात न आलेल्या मुलांना आठवड्यातून तीनदा, दोन फुटी खोक्यावरून शंभर उड्या मारायला लावल्या. सात महिन्यांत त्यांच्या खुब्यात इतर मुलांपेक्षा साडेचार टक्के अधिक हाड भरलं. पोहण्याने किंवा सायकलने असं होत नाही, कारण जमिनीचा धक्का बसत नाही. आपल्या लंगडीत तो बसतो, दोरीवरच्या उड्यांत बसतो, खो-खोत आणि झिम्म्यात बसतो.

आईला मी विचारलं, लंगडी खेळायची का गं तू? ती म्हणाली, "खूप. सातवीपर्यंत." मग? "मग पाळी आली. आजीने सांगितलं, आता उड्या बास." सातवीतली मुलगी साडेबारा वर्षांची असते.

लेकीचं प्लास्टर निघून चार महिने झाले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आईने स्वतः बाजारातून दोरी आणली आणि तिच्या उंचीला बरोबर येईल अशी कापून टोकांना गाठी मारल्या. डाव्या हाताने, कारण उजव्याला अजून जोर येत नाही.